रोजची फाईल उशिरा येते, अर्धी येते: डेटा पुरवठादाराला तक्रारीचा ई-मेल कसा लिहायचा

बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या छोट्या कार्यालयातून रोज संध्याकाळी शेतकऱ्यांच्या मोबाईलवर बाजारभाव जातात. खानापूर, हुक्केरी, निपाणी हे आमचे तालुके, आणि सीमेपलीकडचे चंदगड, गडहिंग्लजही. बटाटा, रताळी, गूळ, मिरची, सोयाबीन. दर गोळा करायला आमची माणसं बाजारात फिरत नाहीत. पुण्याच्या एका कंपनीकडून आम्ही ते विकत घेतो. कंपनी रोज साडेसहापर्यंत आपल्या सर्व्हरवर एक सीएसव्ही फाईल ठेवते. तिच्यात दोन्ही राज्यांतल्या ३८ बाजारांची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण दर असतात, मिळून साधारण ६४० ओळी. आमचा प्रोग्राम ती उचलतो आणि साडेसातला निरोप सुटतात.

मागच्या दिवाळीनंतर खानापूरहून फोन आला. "साहेब, बटाट्याचा दर कालचाच कसा की?" पाहिलं, तर त्या दिवशीच्या फाईलमध्ये बेळगाव बाजारच नव्हता आणि आमच्या प्रोग्रामने रिकाम्या जागी गुपचूप कालचा आकडा भरला होता. मालकांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. अण्णा म्हणाले, "घाल त्यांना एक कडक मेल." मी घातला. "आपल्या फाईली वारंवार उशिरा व अपूर्ण येतात, त्यामुळे आम्हास अतोनात मनस्ताप होत आहे," असा. दुसऱ्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं: आमच्या नोंदींनुसार सर्व फाईली वेळेवर पाठवल्या आहेत, आपल्याकडील तारखा कळवाव्यात.

माझ्याकडे तारखा नव्हत्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं. "वारंवार" या शब्दावर कोण काय करणार? ज्या मेलवर पुढे खरंच काम झालं तो मी तीन आठवड्यांनी लिहिला. मेल लिहायला अर्धा तास लागला, त्याआधीच्या नोंदींना दोन आठवडे. म्हणून या लेखात नोंदींवर जास्त लिहितो आहे.

आधी दोन आठवडे नोंद

साधी एक्सेलची शीट पुरते. रोजची एक ओळ: फाईल कधी दिसली, किती ओळी होत्या, किती बाजार होते, शेवटची ओळ धड होती का. एवढंच. पण त्यात तीन सवयी पाळा, नाहीतर नोंद असून नसल्यासारखी होते.

पहिली, उचललेली प्रत वेगळ्या नावाने ठेवा. पुरवठादार बहुतेक वेळा रोज त्याच नावाने फाईल ठेवतो आणि नंतर दुरुस्त फाईल आली की जुनीवरच टाकतो. तुम्हीही ती त्याच नावाने पुन्हा उतरवलीत, तर सकाळी तुमच्या हातात पूर्ण फाईल असते आणि काल संध्याकाळी ती अर्धी होती याचा पुरावा तुम्हीच पुसलेला असतो. आम्ही नावापुढे वेळ जोडतो: `rates_20251113_1827.csv`.

दुसरी, एकच फाईल तीनदा उचला: ठरलेल्या वेळी, रात्री दहाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला. का, ते पुढे कळेल.

तिसरी, वेळ कोणाच्या घड्याळाची ते लिहून ठेवा. सर्व्हरवरच्या यादीत आमच्या फाईलपुढे १२:५८ दिसायचं आणि मी पहिले दोन दिवस चक्रावून गेलो. सर्व्हर ग्रीनिचच्या वेळेवर चालत होता. त्यात साडेपाच तास मिळवले की ६:२८ होतात. आणखी एक गोम आहे. फाईल आपल्या कॉम्प्युटरवर उतरवली की तिच्यावर साधारणपणे उतरवल्याची वेळ बसते, ती तिकडे ठेवली गेल्याची नव्हे. मेलमध्ये ही वेळ दिलीत तर समोरचा हसेल. दोन्ही वेळा वेगळ्या रकान्यांत लिहा.

लिनक्स किंवा मॅक असेल तर तपासणीला तीन ओळी लागतात:

```
wc -l rates_20251113_1827.csv
tail -n +2 rates_20251113_1827.csv | cut -d, -f2 | sort | uniq -c
sha256sum rates_20251113_*.csv
```

(मॅकवर तिसऱ्या ओळीत `shasum -a 256` लिहा.) पहिली ओळी मोजते, त्यातून रकान्यांच्या नावांची एक वजा करायची. दुसरी दुसऱ्या रकान्यातले बाजार वेगळे काढून कोणाच्या किती ओळी ते सांगते. बाजाराच्या नावातच स्वल्पविराम असेल तर ती फसते. तेव्हा एक्सेलचं पिव्होट टेबल बरं. तिसरी प्रत्येक प्रतीचा एक लांबलचक ठसा काढते. फाईलमध्ये एक अक्षर जरी बदललं तरी ठसा बदलतो, त्यामुळे संध्याकाळची आणि रात्रीची फाईल एकच आहे की नाही ते डोळे न फोडता कळतं.

अर्धी म्हणजे नेमकी कशी अर्धी

उशीर झालेला लगेच कळतो. साडेसहाला फाईल नाही, माणूस अस्वस्थ होतो, फोन लावतो. अपूर्ण फाईल मात्र शहाण्यासारखी वेळेवर येते, प्रोग्राम ती मुकाट वाचतो आणि चूक थेट खानापूरला पोचते. म्हणून मी अपूर्ण फाईलला उशिरापेक्षा वाईट समजतो. आणि "अपूर्ण" ही एक तक्रार नाही. निदान तीन वेगळे दोष त्या एका शब्दात लपतात आणि तिघांचे धनी वेगळे असतात.

शेपूट तुटलेली फाईल ओळखायला सोपी. शेवटची ओळ मध्येच थांबते:

```
2025-11-14,Sankeshwar,Chilli,120,14
```

पुढचे आकडेच नाहीत. याचं नेहमीचं कारण असं की पुरवठादार फाईल चढवत असतानाच आपण ती उतरवली, किंवा मध्ये लाईन तुटली. पाच मिनिटांनी पुन्हा उचला; पूर्ण मिळाली तर घाई आपली होती. १४ नोव्हेंबरला आमचं हेच झालं. आमचा प्रोग्राम ६:२६ ला जाऊन बसला होता. ही तारीख मी तक्रारीत घातली नाही.

दुसऱ्या प्रकारात बाजारच्या बाजार गायब असतात, पण जे आहेत ते धड असतात. शेवटची ओळ नीट, रकाने नीट, फक्त ३८ ऐवजी २४ बाजार. अशी फाईल वाटेत तुटलेली नसते, ती जन्मतःच अपुरी असते. पुरवठादाराचा प्रोग्राम ठरलेल्या मिनिटाला उठतो, तोवर जे जमलं असेल त्याची फाईल बांधतो आणि वेळेवर पाठवल्याचं पुण्य पदरात पाडून घेतो. उरलेलं आलं की तीच फाईल मुकाट्याने बदलतो. हे पकडायला तीनदा उचलणं लागतं. संध्याकाळचा ठसा एक आणि रात्रीचा दुसरा निघाला, शिवाय ओळी वाढल्या असतील, तर गुन्हेगार सापडला. इथेच लक्षात येतं की "उशिरा येते" आणि "अपूर्ण येते" या दोन तक्रारी नसून एकच आजार आहे: माल उशिरा येतो आणि वेळ पाळण्यासाठी पोतं अर्धंच बांधलं जातं.

तिसरा प्रकार सगळ्यांत लाज आणणारा. फाईल पूर्ण असते, ओळी आपणच गाळतो. आमच्या भागात याला एक खास कारण आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटक सरकारने बेळगावसह बारा शहरांची नावं बदलली. आपण बोलताना बेळगावच म्हणतो, पण फाईलमध्ये कुठे `Belgaum` असतं, कुठे `Belagavi`. तसंच `Bijapur` आणि `Vijayapura`. आमच्या प्रोग्रामच्या यादीत जुनं स्पेलिंग होतं. पुरवठादाराने एके दिवशी नवं वापरायला सुरुवात केली आणि आमच्या हिशेबी बेळगाव बाजार नकाशावरून पुसला गेला. सुदैवाने तक्रार करण्याआधी एकाने मूळ फाईल उघडून पाहिली. तेव्हा आधी मूळ फाईलमधले बाजार मोजा, आणि मग आपल्या प्रोग्रामने आत घेतलेले. दोन आकडे जुळले नाहीत तर मेल लिहायला बसू नका.

सुट्ट्यांचा घोळ

दोन राज्यांचे बाजार एका फाईलमध्ये असले की "कमी ओळी" याचा अर्थ तारखेवर ठरतो. १ नोव्हेंबरला कर्नाटकात राज्योत्सवाची सुट्टी असते (आणि आपल्याकडे काळा दिन, तो वेगळा विषय), पण कोल्हापूर-सांगलीला तो कामाचा दिवस. आमच्या नोंदीच्या पंधरवड्यात ८ नोव्हेंबरला कनकदास जयंती आली. इकडे सुट्टी, तिकडे नाही. त्या दिवशीची फाईल बारीक होती, पण रात्रीही तेवढीच राहिली आणि सकाळीही. ठसा बदलला नाही, म्हणजे जेवढं होतं तेवढं आलं होतं. असा एखादा दिवस चुकून तक्रारीच्या यादीत शिरला, तर समोरचा तोच एक दिवस धरतो आणि बाकीच्या खऱ्या दिवसांवरही पाणी पडतं. दोन्ही राज्यांच्या सुट्ट्यांची यादी भिंतीवर लावा.

करार काढा

फाईलीत कुठे तरी पडलेला करार शोधायचा हाच क्षण. तीन गोष्टी बघा. वेळेबद्दल शब्द काय आहेत. "साडेसहापर्यंत" आणि "साधारण साडेसहाच्या सुमारास" यांत तक्रारीपुरतं जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मग, पूर्णतेबद्दल काही आहे का. बहुतेक करारांत नसतंच. फक्त वेळ असते. आमच्याही करारात "पूर्ण" हा शब्द नव्हता, पण परिशिष्टात ३८ बाजारांची नावं होती. ती यादी हाच आमचा धागा ठरला. शेवटी, उशिराबद्दल बिलात सूट आहे का आणि ती मागायची मुदत किती. आमच्या करारात ती आपोआप मिळत नव्हती, तीस दिवसांत लेखी मागावी लागत होती. आधीच्या महिन्यांची सूट आम्ही अशीच गमावली आहे, अण्णांना ते अजून सांगितलेलं नाही.

आता मेल

बारा कामाच्या दिवसांचा जमाखर्च असा निघाला: पाच दिवस चोख, एक सुट्टीचा, एक आमच्या घाईचा, दोन उशिरा, तीन अपूर्ण. म्हणजे तक्रारीला पाच दिवस. कमी वाटतात ना? पण हे पाच कोणी खोडू शकत नव्हतं.

मेल कंपनीच्या मदत कक्षाच्या पत्त्यावर पाठवा आणि आपलं खातं सांभाळणाऱ्या माणसाला प्रत द्या. ओळखीच्या माणसाला व्हॉट्सॲप करून भागत नाही. तो रजेवर गेला की तक्रारही रजेवर जाते. भाषा? बेळगावात कुठलाही कागद कुठल्या भाषेत लिहायचा हा साधा प्रश्न नसतो, पण इथे तरी सोपं ठेवा: जो मेल वाचून सर्व्हरवर हात घालणार आहे त्याला कळेल ती. आमची कंपनी पुण्याची, मदत कक्षातली मुलं मराठी, म्हणून मराठी. बेंगळूरूची असती तर हाच मजकूर याच क्रमाने इंग्रजीत गेला असता.

मी पाठवलेला मेल, नावं-क्रमांक काढून:

> विषय: ३ ते १५ नोव्हेंबर: दर-फाईल २ दिवस उशिरा, ३ दिवस अपूर्ण. गुरुवार २० तारखेपर्यंत कारण कळवावे (ग्राहक क्र. …)
>
> नमस्कार,
>
> करारानुसार ३८ बाजारांची दर-फाईल कामाच्या दिवशी सायंकाळी ६:३० पर्यंत मिळायला हवी. ३ ते १५ नोव्हेंबर या काळात पुढील पाच दिवशी तसे झाले नाही. सर्व वेळा भारतीय प्रमाणवेळेनुसार आहेत. ओळींच्या संख्येत रकान्यांच्या नावांची ओळ धरलेली नाही.
>
> | तारीख | पहिल्यांदा मिळाली | ओळी | बाजार | नंतर काय दिसले |
> |---|---|---|---|---|
> | ४ | ७:५२ | ६३९ | ३८ | बदल नाही |
> | ६ | ६:२८ | ४१२ | २४ | रात्री १०:०० ला ६४१ ओळी, ३८ बाजार |
> | १० | ९:०५ | ६४२ | ३८ | बदल नाही |
> | ११ | ६:२९ | ४३६ | २५ | रात्री १०:०० ला तेवढ्याच. १२ ला सकाळी ७:०० ला ६३८ ओळी, ३८ बाजार |
> | १३ | ६:२७ | ३९८ | २३ | रात्री १०:०० ला ६४४ ओळी, ३८ बाजार |
>
> ६, ११ आणि १३ या तिन्ही दिवशी तेच १३ बाजार फाईलमधून गायब होते. यादी सोबत जोडली आहे. तिन्ही दिवशी फाईल त्याच नावाने नंतर बदलली गेली, पण तशी सूचना आम्हाला मिळाली नाही. दोन्ही वेळच्या प्रती व त्यांचे ठसे सोबत आहेत. ८ तारखेची फाईल लहान होती, पण त्या दिवशी कर्नाटकात सुट्टी असल्याने ती तक्रारीत धरलेली नाही.
>
> आमचे निरोप ७:३० ला जातात. त्यामुळे या तीन दिवशी १३ ते १५ बाजारांचे दर शेतकऱ्यांना पोचले नाहीत, आणि ४ व १० तारखेला निरोप उशिरा गेले.
>
> आमच्या मागण्या:
>
> १. ठरावीक १३ बाजार उशिरा येण्याचे कारण गुरुवार २० नोव्हेंबरपर्यंत लेखी कळवावे.
>
> २. फाईल पूर्ण झाल्यावर सोबत एक छोटी खूण-फाईल ठेवावी (उदा. `rates_20251113.done`), तिच्यात ओळींची संख्या असावी. फाईल नंतर बदलल्यास नवीन नावाने द्यावी (उदा. `rates_20251113_v2.csv`).
>
> ३. करारातील कलमानुसार ४ व १० तारखेच्या उशिराबद्दलची सूट पुढील बिलात द्यावी.
>
> या तक्रारीचा क्रमांक कळवावा. तांत्रिक माहिती हवी असल्यास मला थेट फोन करावा.

काही गोष्टी मुद्दाम केल्या आहेत, त्या सांगतो. कारण मी सुचवलेलं नाही. "तुमचा प्रोग्राम अर्धवट फाईल बांधतो" हे मला दिसत होतं, तरी लिहिलं नाही. आपला अंदाज थोडा जरी चुकला तरी उत्तर त्या अंदाजालाच येतं: "नाही, तसं काही नाही." दिसलं तेवढं लिहिलं की कारण शोधायचं काम त्यांच्याकडेच राहतं. तेच १३ बाजार तिन्ही दिवशी नसणं हा या मेलमधला सगळ्यांत वजनदार आकडा आहे. योगायोगाने तसं होत नाही आणि त्यांच्याकडचा माहीतगार माणूस ती यादी बघताच कुठली नळी तुंबली ते ओळखतो.

सकाळी सातला फाईल "आली" असं मी लिहिलेलं नाही, रकान्याला "नंतर काय दिसले" असं नाव दिलं आहे. रात्री दहा ते सकाळी सातमध्ये ती नेमकी कधी बदलली ते मला ठाऊक नव्हतं. जेवढं पाहिलं तेवढंच.

मागण्या तीनच. पहिल्या कच्च्या मसुद्यात नऊ होत्या. नऊ मागण्या केल्या की समोरचा त्यातली सगळ्यात सोपी निवडतो आणि तक्रार बंद करतो. माझ्या मते दुसरी मागणी सगळ्यांत कामाची. सूट एका महिन्याची असते. खूण-फाईल मिळाली की आपला प्रोग्राम ती दिसेपर्यंत थांबतो आणि शेपूट तुटलेली फाईलही आपोआप टळते. १४ तारखेची आमची चूक त्यातच मिटली, गाजावाजा न करता.

अण्णांना शेवटी "तीव्र नाराजी" हवी होती. मी तक्ता वर सरकवला आणि नाराजी गाळली. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, म्हणाले, "हे वाचून मलाच त्यांची कीव आली."

उत्तरं कशी येतात

"आमच्याकडून वेळेवर गेली आहे." याला वाद घालू नका. साडेसहाच्या त्यांच्या प्रतीचा ठसा आणि ओळींची संख्या मागा. तुमच्या प्रतीशी जुळली तर फाईल वाटेत फाटली नाही, जन्मली तेव्हाच अपुरी होती. जुळली नाही तर दोष मधल्या वाटेवर किंवा तुमच्याकडे आहे आणि तेही कळलेलं बरं.

"मूळ स्रोताकडूनच उशीर होतो." हे बऱ्याचदा खरं असतं आणि ते मान्य करा. बाजार समितीत सौदे संपल्यावर कुणीतरी माणूस बसून आकडे भरतो. हंगामात गाड्या वाढल्या की त्याला वेळ लागतो. पुण्याची कंपनी त्याचा हात धरून लवकर भरवू शकत नाही. पण ती एक करू शकते: "अजून आलेलं नाही" आणि "आज आवकच नाही" यांत फरक दाखवू शकते. आज दोन्हींसाठी ओळच नसते. शेतकऱ्याच्या दृष्टीने पहिल्याचा अर्थ थांबा, दुसऱ्याचा अर्थ माल दुसरीकडे न्या. स्रोताचं कारण आलं की हा एक जादा रकाना मागा. नकार द्यायला त्यांना जड जातं.

"तपासत आहोत." यावर कधीपर्यंत, ते विचारा. ती तारीख उलटली की नवा मेल नको, त्याच मेलच्या धाग्यात उत्तर द्या, खाली जुना तक्ता राहू द्या आणि वर नवे दिवस जोडा. फोन झाला तर फोन ठेवल्यावर चार ओळी लिहून पाठवा: आत्ता आपलं असं बोलणं झालं. दोनदा असं होऊन हललं नाही, तर तोच धागा खातं सांभाळणाऱ्याच्या वरच्याला. करार नव्याने करायचे दोन महिने आधीचे दिवस यासाठी सगळ्यात चांगले. तेव्हा विक्रीवाल्यांना ऐकू येतं.

आणि तोवर आपला प्रोग्राम नीट करा. बाजार नसेल तर कालचा दर भरायचा नाही. "आजचा दर मिळाला नाही" असं लिहून पाठवायचं. आम्ही हे ३ तारखेला, नोंदी सुरू केल्या त्याच दिवशी केलं. करायला हवं होतं दोन वर्षांपूर्वी.

आमचं उत्तर २० तारखेलाच आलं. त्यांच्याकडे फाईल बांधणारा प्रोग्राम रोज ६:२० ला धावायचा. ते १३ बाजार एका वेगळ्या वाटेने यायचे आणि आवक जास्त असली की त्यांना सात वाजून जायचे. कोणी हे कधी पाहिलंच नव्हतं, कारण त्यांच्या नोंदीत "वेळेवर पाठवली" एवढीच खूण होती. त्यांनी फाईल ७:३० ला बांधायचं ठरवलं, सोबत खूण-फाईल देऊ लागले आणि सूट बिलात आली. नव्या नावाने फाईल द्यायचं मात्र अजून झालेलं नाही; ते मी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्याच धाग्यात विचारतो.

करारातली वेळ ७:३० झाली, तसे आमचे निरोप ८:१५ ला गेले. पहिल्याच संध्याकाळी आठच्या सुमारास खानापूरहून फोन. "साहेब, आज दर उशिरा का?"